अनुस्वाराचे स्थान : मराठी कोशरचनेतील एक वादस्थळ

रायपुरातील मराठी वाचकाच्या मेजावर सहसा दोन कोश असतात. एक हिंदी व दुसरा मराठी. लिपी एकच, वर्णमालाही बहुतांशी एकच; परंतु शब्द शोधण्याची वाट मात्र दोहोंत ठिकठिकाणी फुटते. हे शहर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, आणि दोन्ही भाषांत वावरणाऱ्या माणसांची परंपरा तेथे जुनी आहे. मराठी घरात वाढलेले माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले, आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषाही सिद्ध केली. अशा द्वैभाषिक प्रदेशात वर्णक्रमाचा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. एका भाषेचा कान दुसऱ्या भाषेच्या कोशात शब्द शोधू लागतो, आणि तो त्यास सापडत नाही.

अकारविल्ह्याचे जे नियम म्हणून सांगितले जातात, त्यांतील पुष्कळसे एकाच तत्त्वातून निघतात. शब्दाची तुलना लिहिलेल्या आकाराने न करता उच्चारलेल्या वर्णांनी करावयाची, आणि व्यंजनानंतर येणारा स्वर हा व्यंजनानंतर येणाऱ्या व्यंजनाच्या अगोदर मानावयाचा, एवढेच ते तत्त्व होय. 'कि' मधील वेलांटी हाताने आधी लिहिली जाते, पण तिचा क्रम 'का' नंतरचा. कारण क् नंतर उच्चारात येतो तो इकार. 'क्रम' हा शब्द 'कौल' या शब्दानंतर का येतो, याचेही उत्तर येथेच आहे. क् नंतर अ पासून औ पर्यंतचे सर्व स्वर संपल्यावाचून र् ची पाळी येत नाही. जोडाक्षरांसाठी निराळा नियम सांगणारे बहुधा या एका नियमाचीच पुनरुक्ती करीत असतात.

या तत्त्वाला मराठी परंपरा दोन ठिकाणी मुरड घालते. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही वस्तुतः जोडाक्षरे. परंतु मराठी वर्णमाला त्यांना अखेरीस, 'ळ' च्या पाठीमागे, स्वतंत्र जागा देते. हिंदी कोशात 'क्षमा' ही ककाराच्या शेवटी सापडते. मराठी वर्णमाला प्रमाण मानणाऱ्यास ती हकाराच्याही पुढे शोधावी लागेल. दुसरे स्थळ 'ळ' चे. मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो, म्हणून कल, कवडी, कस, कहर आणि मग कळ, असा क्रम लागतो. प्रमाण हिंदीत हा वर्ण नाही. त्यामुळे हिंदीत शिकलेला सूचीकार त्यास 'ल' च्या शेजारी बसवितो. संगणकही तेच करतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात 'ल' च्या लगेच पुढे 'ळ' आहे. एखाद्या मराठी सूचीत 'कळ' हा शब्द 'कवडी' च्या आधी आढळला, तर ती सूची मराठी क्रमाने लावलेली नाही, एवढे निःशंकपणे ओळखावे.

खरा वाद अनुस्वाराचा आहे. हिंदी कोशांनी त्याचा निकाल सरळपणे लावला आहे. अनुस्वार वा चंद्रबिंदू असलेले अक्षर त्याच स्वराच्या अनुस्वाररहित अक्षराच्या आधी ठेवावयाचे. म्हणून तेथे 'कंठ' हा 'कटु' च्या आधी येतो आणि 'पाँच' हा 'पाक' च्या आधी. संस्कृत कोशकार मोनियर-विल्यम्स यांचा मार्ग वेगळा. त्यांच्या कोशात स्पर्शव्यंजनापूर्वीचा अनुनासिक हा त्या वर्गाचा पंचमवर्ण ठरतो, आणि 'कण्ठ' हा णकाराच्या जागी जातो. तिसरा मार्ग बाराखडीचा : 'कं' हे 'कौ' नंतर म्हटले जाते, तर ते तेथेच असावे.

या तिहींपैकी एकही मार्ग मराठीस तसाच्या तसा मानवत नाही. कारण मराठी लेखनात या एका टिंबाने निरनिराळी कामे केली आहेत. 'कंठ', 'कांदा', 'पांढरा' यांत ते पंचमवर्णाचे काम करते. 'संशय', 'सिंह' यांत त्याच्या पुढे स्पर्शव्यंजनच नाही, तेव्हा पंचमवर्णाचा संस्कृत उपाय तेथे लंगडा पडतो. आणि 'नांव', 'पांच', 'कांच', 'कांहीं' या जुन्या लेखनात तर ते केवळ व्युत्पत्तीचे स्मारक म्हणून उभे होते. प्रमाण मराठीत त्याचा उच्चार नव्हता. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे मात्र त्याआधीचे. म्हणजे ज्या कोशांवर मराठीचा अभ्यास अद्याप उभा आहे, त्यांतील लेखन आणि आजच्या वाचकाचे लेखन यांत नेमके हे टिंबच आडवे येते.

हिंदीचा नियम जुन्या मराठी लेखनास लावून पाहिला म्हणजे अडचण उघड होते. 'पांच' हा शब्द 'पाक', 'पाकीट' यांच्या पुढे जाऊन बसेल. आजचे 'पाच' मात्र त्यांच्या मागे राहील. शब्द एकच, आणि त्याला दोन घरे. याउलट अनुस्वार क्रमातून सर्वस्वी वगळावा, असे म्हटले तर ही फारकत मिटते खरी. पण मग 'संकट' हे 'सकट' च्या शेजारी जाऊन पडते, 'संगीत' हे 'सगळा' च्या गर्दीत हरवते, आणि 'सं' या उपसर्गाचे सारे कुटुंब पांगते. 'वश' आणि 'वंश', 'मद' आणि 'मंद' यांत अर्थ बदलणारा ध्वनी क्रमातून नाहीसा करणे हे भाषेच्या प्रकृतीशी विसंगतच म्हणावे लागेल.

यातून निघणारा न्याय्य मार्ग असा दिसतो. उच्चारित अनुस्वारास वर्ण मानावे आणि हिंदीप्रमाणेच त्या स्वराच्या आरंभी स्थान द्यावे. अनुच्चारित अनुस्वारास क्रमात मोजू नये, केवळ दोन नोंदी सर्वथा सारख्या असतील तेव्हाच त्याचा विचार करावा. या न्यायाने पकारातील काही नोंदी लावल्या तर पांगळा, पांढरा, पाक, पाकीट, पांच, पाचोळा असा क्रम येतो. पहिल्या दोहोंतील अनुस्वार ऐकू येतो म्हणून ते पुढे. 'पांच' मधील ऐकू येत नाही म्हणून तो जणू 'पाच' च आहे. नौका या अर्थाचे 'नाव' आणि अभिधान या अर्थाचे जुने 'नांव' ही याच न्यायाने लागोपाठ येतात, आधी टिंबाविना, मग टिंबासह.

हा मार्ग निर्वेध आहे असे नाही. तो कानावर अवलंबून आहे, आणि रायपुरी मराठी वाचकाच्या कानात हिंदीचे पाँच, काँच, गाँव सदैव घुमत असतात. पुण्यास जो अनुस्वार मृत वाटतो तो येथे शेजारच्या भाषेत जिवंत आहे. तेव्हा कोणता अनुस्वार उच्चारित, हे सूचीकाराच्या वैयक्तिक कानावर सोडता येत नाही. १९६२ नंतरच्या प्रमाण लेखनात तो टिकला की नाही, हीच कसोटी धरावी लागेल; ती बोलीशी अन्याय करते, पण निश्चित आहे. यंत्राने क्रम लावणाऱ्यास तर याहून दुसरा उपाय नाही. यंत्रास टिंब दिसते, त्याचा उच्चार कळत नाही. म्हणून जुन्या लेखनाच्या प्रत्येक नोंदीस तिचे आजचे लेखन, न छापता, जोडून द्यावे आणि क्रम त्यावरून लावावा : छापावयाचे 'कांच', पण क्रमासाठी 'काच'. एवढे श्रम टाळून केवळ यंत्राच्या तक्त्यावर विसंबणारी सूची अनुस्वार नेहमी आरंभी आणि 'क्षमा' ककारात ठेवते. आणि 'ळ' वगळता ती हिंदी कोशाचीच प्रतिकृती होऊन बसते.