एकच घर, तीन गळे

जात्यावरच्या ओव्यांचे जे संग्रह आपल्याकडे निघाले, त्यांची मांडणी बहुधा एकाच धर्तीची असते. आधी देवादिकांच्या ओव्या, मग माहेर, मग सासुरवास, मग भाऊ-बहीण आणि तान्हे बाळ. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन' घ्या, किंवा सरोजिनी बाबरांनी आयुष्यभर जमवलेले लोकसाहित्य घ्या; पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी सहकाऱ्यांसह हिंडून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, ते भांडार घ्या. या मंडळींचे ऋण फार मोठे आहे. ती धडपड झाली नसती तर विजेच्या गिरणीने जात्याबरोबर गाणेही पार घालवून दिले असते. पण विषयवार मांडणीने एक गोष्ट हातची निसटते, असे मला वाटते. एकाच घराविषयीच्या ओव्या तीन निरनिराळ्या प्रकरणांत जाऊन बसतात आणि त्यांचा आपसातला संवाद ऐकू येईनासा होतो.

हा संवाद कसा चाले, ते आधी पाहू. जड जाते एकटीने ओढवत नाही. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि मधून मधून वैरण घालायची. एकीने ओळ काढली की दुसरी ती उचलते. या दोघी कधी जावा असतील, कधी सासू-सून. पण दिवाळीला लेक आलेली असली म्हणजे समोर आई बसायची, आणि जवळच वाती वळत बसलेली आजी आपलीही एक ओवी मध्ये टाकायची. एकीच्या ओवीत 'वाडा' आला की दुसरीला वाड्याची ओवी आठवते. 'उंबरा' आला की उंबऱ्याची. कागदावर या ओव्या सुट्या मोत्यांसारख्या दिसतात. जात्यावर त्या एका दोऱ्यात असतात आणि तो दोरा पुष्कळदा घराचाच असतो.

ओवीत गाणारीचे नाव क्वचितच येते. मग बोलते कोण, हे कसे ओळखावे? नात्याच्या शब्दांवरून. 'भावजय' म्हटले की बोलणारी लेक. त्याच बाईला 'सून' म्हटले की बोलणारी आई. नातवाला हाक आली की आजी. पुणे-मुळशीकडच्या ओव्यांत आईला 'बया' म्हणतात. लेक ही 'मैना' आणि लेक हा 'राघू'. म्हणजे 'बया' आली तर गळा लेकीचा आणि 'मैना' आली तर गळा आईचा. एवढी किल्ली हाती आली की घराच्या खोल्या उघडू लागतात.

लेकीच्या ओवीतले घर दुरून दिसते. ते नेहमी उंच असते. वाट दिसते, वेस दिसते, दारातली तुळस दिसते, दावणीची गुरे दिसतात, दारात उभा भाऊ दिसतो. घराच्या आत ती फारशी शिरतच नाही. चूल कोण पेटवते, पाणी किती लांबून आणावे लागते, याचा तिथे उल्लेख नाही. सणापुरती पाहुणी आलेल्या मुलीचे हे घर आहे. तिच्या आनंदात एक भीतीही लपलेली असते. भावजय तोंडभरून 'या' म्हणेल का? आणि बया गेल्यावर या दाराला अर्थ उरेल का?

आता तेच घर आईच्या ओवीत पाहा. दुरून दिसणारा वाडा नाहीसा होतो आणि आतले सारे समोर येते. दळण, पाणी, शेणगोठा, सासूचा शब्द, नणंदेचा टोमणा. लेकीला जे माहेर, ते आईला सासर. भिंती त्याच, कौले तीच. फक्त उंबरा कोणत्या बाजूने ओलांडला एवढाच फरक. माहेराच्या प्रकरणात गोडवा आणि सासुरवासाच्या प्रकरणात अश्रू, अशी वाटणी करून आपण वाचतो. पण तो गोडवा आणि ते अश्रू एकाच चुलीवरचे असतात.

हे मर्म बहिणाबाई चौधरींनी नेमके पकडले आहे. त्यांच्या एका कवितेत योगी विचारतो की, माहेरचे एवढे गोडवे गातेस तर सासरी कशाला आलीस? तिचे उत्तर असे की, लेकीला माहेर मिळावे म्हणून आई सासरी दिवस काढते. पुष्कळांनी या उत्तरात त्यागाचा महिमा पाहिला. मला त्यात हिशेब दिसतो. माहेर आपोआप उगवत नाही. कोणीतरी सासर सोसते तेव्हा ते तयार होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईने दोन प्रकरणे एका उत्तरात जोडून दिली. 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, त्याआधी हे शहाणपण जात्यावर होतेच.

आजीच्या ओवीत घर पुन्हा बदलते. कष्ट मागे पडलेले असतात. तिला भरलेले घर दिसते. लेक, सुना, नातवंडे ती मोजत बसते. तुळस आणि दावण तिच्याही ओवीत येतात, पण ती विचारते की यांची निगा पुढे कोण राखील? चुलीवर आता सुनेचा हात आहे. ज्या घरात ती नवी नवरी म्हणून भीत भीत शिरली, तिथे ती पुन्हा थोडी पाहुणी झालेली आहे. लेकीचे आणि आजीचे घर इथे एकमेकांना भेटतात, कारण दोघींच्याही हाती चूल नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेकीच्या ओव्या गाणारी बाई बहुधा स्वतः लेकुरवाळी असते. कधी आजीही असते. म्हणजे हे तीन गळे पुष्कळदा एकाच बाईच्या तीन वयांचे असतात. आजी झाली तरी ती लेकीची ओवी टाकून देत नाही. म्हणूनच हे गाणे आईकडून मुलीकडे जाते तेव्हा तिन्ही वये बरोबर घेऊन जाते. मुलीला अर्थ मात्र एकेक करून कळतो.

या तिन्ही गळ्यांत एक शब्द जपून ऐकावा. घर बहुधा कोणा पुरुषाचे असते: बापाचा वाडा, भावाचा वाडा, भ्रताराचे घर, लेकाचे घर. बहीण भावाकडे वाटा मागत नाही, चोळी मागते. याला आपण भावाबहिणीचे प्रेम म्हणतो, आणि ते प्रेम खोटे नव्हे. पण 1956 च्या कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारसा दिला, 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. तरीही कितीतरी बहिणी आजही हक्कसोडपत्रावर सही करतात. का? उत्तर ओवीत आहे. वाटा घेतला तर भाऊबीजेला दार उघडे राहील का, ही लेकीच्या गळ्यातली जुनी भीती आहे. विषयवार संग्रहात ही ओवी 'बंधुप्रेम' या मथळ्याखाली सापडते. घराच्या दोऱ्यात ओवून वाचली तर तिच्यातला सौदा दिसतो.

प्रत्येक ओवी अशी जुळवता येईल असा माझा दावा नाही. कित्येकींत नात्याचा शब्दच नसतो; त्या कोणाच्याही तोंडी शोभतात, आणि त्यांवर ओढूनताणून वय लादू नये. परंतु जिथे खूण आहे तिथे ती वाचली पाहिजे. घरात एखादा ओव्यांचा संग्रह असेल तर या सुटीत एवढे करून पाहा: माहेराच्या प्रकरणातली एक, सासुरवासाची एक आणि नातवंडांची एक ओवी एकापुढे एक मोठ्याने वाचा. तिघी एकाच घराविषयी बोलत आहेत असे समजून वाचा. माहेराची ओवी मग पूर्वीइतकी गोड लागणार नाही; पण ती अधिक खरी लागेल.