माती, वाळू आणि एक कंट्रोल ग्रुप

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं शिकवताना वाळूत बोट फिरवायचं, मातीच्या वळ्या करून अक्षर बनवायचं, हवेत हात हलवून ते गिरवायचं, ही पद्धत ऑर्टन-गिलिंगहॅम परंपरेतून आली. मूल शिकतं, हे दिसतं. पण ते मातीमुळे शिकतं का?

श्लेसिंजर आणि ग्रे यांचा 2017 चा पेपर (‘ॲनल्स ऑफ डिस्लेक्सिया’) नेमका इथेच बोट ठेवतो. दुसरीतली 11 मुलं, त्यातली 5 डिस्लेक्सिया असलेली. ओळखीची अक्षरं घेतली तर कोणाला आधीच किती येतं हा घोळ होतो, म्हणून इंग्रजीत नसलेली चिन्हं घेऊन दोन खोट्या भाषा तयार केल्या. दोन्ही शिकवण्यांत अक्षर-ध्वनीचा क्रमवार, स्पष्ट सराव होता. फक्त एकीत स्पर्श आणि हालचाल जास्तीची. निकाल: दोन्हींनी फायदा झाला, पण स्पर्श-हालचालीची वेगळी आघाडी दिसली नाही.

मला यातली रचना आवडते. माती विरुद्ध ‘काहीच नाही’ अशी तुलना केली असती, तर माती जिंकलीच असती. कारण तिच्यासोबत शिक्षकाचा वेळ आणि उच्चाराची उजळणीही आली असती.

पण दोन शंका राहतात. मुलं 11, त्यामुळे छोटा फायदा असला तरी निसटू शकतो. ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं होत नाही. दुसरं, दोन्ही पद्धती त्याच मुलावर आलटून पालटून वापरल्या. एका भाषेत गिरवायची सवय लागलेलं मूल दुसरीतही बाकावर बोट फिरवू शकतं, आणि मग तुलना पातळ होते.

हाच प्रश्न देवनागरीत विचारायचा, तर घ आणि ध घ्या. फरक डावीकडे वरच्या टोकाला आहे: घ शिरोरेषेला चिकटतो, ध तिथे गाठ घेऊन सुटा राहतो. मातीत ही गाठ वेगळी वळावी लागते, त्यामुळे लक्ष तिथे जातं. हात पसरून अंगाने ‘ध’ काढला तर नेमकी तीच गाठ हरवते. म्हणजे ‘बहुसंवेदी’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या मोजायला हव्यात.

एका गटाला माती, दुसऱ्याला पेन्सिल. दोघांनाही तितक्याच वेळा उच्चार, तितकीच मिनिटं. चाचणी त्याच दिवशी आणि आठवड्याने, छापील अक्षरांवर. माती गटातलं मूल वळ्या करण्यात रमलं आणि ध्वनी म्हणायचं राहिलं, तर उच्चारांची संख्या मोजल्यावर ते लगेच कळतं. ही मोजणी नसेल, तर निकाल कुठल्याही बाजूने लागो, त्याचं कारण सांगता येणार नाही.