वॉर्डातले शरीर : हेन्लीच्या ‘इन हॉस्पिटल’ मधील रोगप्रतिमा

विल्यम अर्नेस्ट हेन्ली (1849–1903) या इंग्रज कवीचे नाव आज बहुतेक वाचकांना ‘इन्व्हिक्टस’ या एकाच कवितेमुळे ठाऊक असते. परंतु ती कविता ज्या रुग्णालयातील दिवसांतून आली, त्याच दिवसांत आकार घेऊ लागलेली ‘इन हॉस्पिटल’ ही अठ्ठावीस कवितांची मालिका तिच्या मानाने फारच कमी वाचली जाते. काव्य म्हणून ही मालिका अधिक धीट आहे आणि आजाराच्या प्रतिमांचा विचार करताना तीच अधिक उपयोगी पडते. हेन्लीला लहानपणापासून अस्थिक्षय, म्हणजे हाडांचा क्षयरोग होता आणि त्यापायी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. उजवा पायही जाणार असे दिसू लागल्यावर तो 1873 मध्ये एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाकडे गेला. कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक राखण्याची पद्धत रूढ करणारे हेच ते लिस्टर. हेन्ली तेथे 1875 पर्यंत राहिला आणि त्याचा उजवा पाय वाचला. मालिकेचे पहिले रूप जुलै 1875 मध्ये ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये छापून आले, तर तिचे अंतिम रूप 1888 च्या ‘अ बुक ऑफ व्हर्सेस’ या संग्रहात सिद्ध झाले.

मालिकेचा क्रम रुग्णाच्या वाटचालीचा आहे : दाखल होणे, वाट पाहणे, वॉर्ड, शस्त्रक्रियेआधीचा क्षण, शस्त्रक्रिया, शुद्धीवर येणे, रात्रीचे जागरण, आणि शेवटी सुटका. या चौकटीत शरीराकडे पाहण्याची जागा सतत बदलत राहते आणि हेन्लीचे खरे कौशल्य त्या बदलात आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या कवितेत बोलणारा ‘मी’ आहे. तो क्लोरोफॉर्मच्या गोडसर, दाट गूढात शिरण्यासाठी अधीर आहे आणि काहीसा थट्टेखोरही आहे. पुढच्याच कवितेत मात्र हा ‘मी’ नाहीसा होतो आणि सर्व काही द्वितीय पुरुषात, ‘तुम्ही’ला उद्देशून सांगितले जाते. खाटीकखान्यातून जनावराचे धड न्यावे तसे या ‘तुम्हां’ला टोपलीत घालून शस्त्रक्रियागृहात नेले जाते, आणि तोंडावर रुमाल पसरला की औषध अंगभर उष्णपणे भिनत जाते. हा पुरुषबदल केवळ शैलीचा खेळ नाही. ज्याच्या शरीरावर क्रिया होत असते त्याला त्या क्षणी स्वतःविषयी ‘मी’ म्हणण्याइतकी मालकी उरलेली नसते, ही गोष्ट व्याकरणच सांगून जाते.

या कवितेतील गुंगीचे वर्णन विशेष बारकाईने पाहण्याजोगे आहे. शुद्ध हरपणे म्हणजे हळूहळू येणारी झोप, असे हेन्ली दाखवत नाही. आवाज दूर जाऊ लागतात, दिवे कोसळतात, रक्ताला काचेसारखी धार येते, पाण्याचा घोष ऐकू येतो आणि मग झुंज सुरू होते. म्हणजे जाणीव जाताना प्रत्येक इंद्रिय आपापल्या वेळी, निरनिराळ्या रीतीने हातचे सुटते. शुद्धीवर येण्याच्या कवितेत हाच क्रम उलट चालतो आणि त्या सुनीतात धुरात गुदमरणारी लहानशी ज्योत हे उपमान येते (उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना केली जाते ती वस्तू). सगळ्या धूसरतेत स्पष्ट असते ती एकच गोष्ट : पायात दळल्यासारखी होणारी नवी वेदना. काळ आणि स्थळ यांची ओळख पटते ती तिच्यानंतर, तीही तुकड्यातुकड्याने. वेदना ही शरीराची पहिली बातमी आहे, हे निरीक्षण हेन्लीच्या आधीच्या इंग्रजी कवितेत इतक्या कोरडेपणे क्वचितच आले असेल.

शस्त्रक्रियेच्या कवितेत माणसाला आलेली वस्तुरूपता वॉर्डाच्या कवितांत भाषेतच मुरलेली दिसते. भारतीय काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत. त्यांपैकी लक्षणा म्हणजे मूळ अर्थ बाजूला ठेवून त्याच्याशी निगडित असलेला दुसरा अर्थ सुचवण्याची शक्ती. भाजलेला रुग्ण हेन्लीच्या वॉर्डात नावाने येत नाही. तो नुसता ‘भाजलेली जखम’ म्हणून येतो, आणि ती जखम पट्टी सोडून वाट पाहत असते. रुग्णालयात अशी बोली रोजची असते, त्यामुळे येथे कवीने अलंकार घडवलेला नाही, व्यवहारातली लक्षणा उचलून तिच्यावर बोट ठेवले आहे. प्राध्यापकांच्या फेरीच्या कवितेत तीच रीत क्रमांकापर्यंत पोहोचते : पहिला ‘केस’ पांघरूण सारून आपला पाय दाखवतो आणि ओल्या, पांढऱ्या पट्टीवरचा लाल रंग एकाच वेळी झळाळणारा आणि किळसवाणा वाटतो. त्याच वाक्यात, मनुष्य ही ईश्वराची प्रतिमा, या ख्रिस्ती श्रद्धेला कवी कंसातल्या छोट्या हायने टोमणा मारतो. येथे बीभत्स रस आहे, पण त्याचा स्थायीभाव असलेली जुगुप्सा (किळस) शोभेपासून वेगळी करता येत नाही.

सर्वांत संयत कविता अपघातात सापडलेल्या माणसाची आहे. इंजिनावरून पडून रुळांवर फरफटलेला तो माणूस वाचणार नाही हे कळताच त्याच्यावर पांघरूण घातले जाते, आणि मोजे घातलेले पाय तेवढे विचित्रपणे बाहेर राहतात. मग एक बाई येते, पाहते, न बोलता निघून जाते. ती त्याची होणारी पत्नी होती हे नंतर कळते. कवी तिच्या दुःखावर भाष्य करत नाही, फक्त तिच्या ओठांचा रंग नोंदवतो. पांघरुणाबाहेरच्या पायांइतकी नेमकी प्रतिमा या संपूर्ण मालिकेत दुसरी नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

ही नेमकी नजर हेन्लीला सर्वत्र टिकवता आलेली नाही. परिचारिकांची शब्दचित्रे खेळकर असली तरी ती ठोकळ स्वभावचित्रांत अडकतात, आणि लिस्टरवरील सुनीत रोग, रूढी व पूर्वग्रह यांच्याशी झुंजणाऱ्या हर्क्युलिसच्या थाटात विरून जाते. ज्या हाताने पाय वाचवला, तो हात त्यात कुठेच दिसत नाही. शेवटच्या कवितेत सुटकेचा आनंद इतका उधाणतो की शरीर पुन्हा अदृश्य होते. मुलांच्या खोलीची कविता मात्र या दोषांतून वाचते : सहा-सात वर्षांची दोन मुले शस्त्रक्रिया-शस्त्रक्रिया खेळतात, एक करवत चालवतो आणि दुसरा स्वतःच बेशुद्ध होऊन कण्हतो. येथे विनोदाने भय झाकले आहे आणि उघडेही केले आहे.

‘इन्व्हिक्टस’मध्ये शरीर जवळजवळ नाही; जखमी पण न झुकलेले डोके एवढेच त्याचे अवशेष. आत्म्याच्या अजिंक्यतेची घोषणा करण्यासाठी पाय, पट्टी आणि क्लोरोफॉर्म गाळावे लागले, आणि लोकप्रियता त्या गाळण्यालाच मिळाली. ‘इन हॉस्पिटल’शी तुलना करण्याजोगी सिल्व्हिया प्लाथची ‘ट्युलिप्स’ (1961) अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर लिहिली गेली. तिच्यात रुग्णालयाचा बधिर पांढरेपणा हवासा वाटतो आणि बाहेरून आलेली लाल फुले जखमेसारखी दुखतात. हेन्लीच्या प्रतिमा वॉर्डातल्या वस्तूंना धरून राहतात, तर प्लाथच्या प्रतिमा एका मनाच्या इच्छेने वस्तू बदलून टाकतात. आजाराच्या कवितेच्या या दोन दिशा नंतरच्या काळात सतत समोरासमोर येत राहिल्या.

व्हर्जिनिया वूल्फने 1926 च्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात आजारपण साहित्याचा प्रमुख विषय का झाले नाही, अशी तक्रार केली. तिचे वडील लेस्ली स्टीफन हे ‘कॉर्नहिल’चे संपादक असतानाच, त्या तक्रारीच्या एक्कावन्न वर्षे आधी, हेन्लीच्या वॉर्डातील कविता त्या मासिकात छापल्या गेल्या होत्या.