खोट्या खुणांचा चाचणी-संच: माझा पहिला प्रयत्न का फसला

समजा, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गाय वाघाने मारली. त्याच्याकडे गावच्या ग्रुपवरून फिरत आलेला एक लांब मेसेज आहे. तो अख्खा मेसेज तो एका मदत-सेवेत चिकटवतो आणि खाली लिहितो: "भाऊ यातले कागद कोणते लागन ते क्रमाने सांगा". मेसेजमध्ये जागोजागी असं आहे:

```
*महत्त्वाचे:* पंचनामा करून घ्यावा
```

आता सांगा, हा माणूस कुठून बोलतोय? "व्हॉट्सॲपवरून" असं तुमच्या तोंडी आलं असेल, तर भाषा-मॉडेल करतं तीच चूक तुम्हीही केलीत. त्या ताऱ्यांवरून एवढंच कळतं की *मेसेज* कधीतरी व्हॉट्सॲपवर होता. *उत्तर* कुठे दिसणार हे त्यावरून कळत नाही. एकेरी ताऱ्यांमधला मजकूर व्हॉट्सॲपवर ठळक दिसतो, मार्कडाउनमध्ये तिरपा होतो आणि एसएमएसमध्ये तारे तसेच उघडे राहतात. शिवाय देवनागरी मजकुराच्या एका सुट्या एसएमएसमध्ये फक्त 70 अक्षरं मावतात. त्यामुळे ठळक मथळे घालून पानभर दिलेलं उत्तर तिथे तुकड्यातुकड्यांत जाऊन पोचतं.

असा अतिआत्मविश्वास पकडायला मी 30 संभाषणं लिहिली. प्रत्येकात एक फसवी खूण टाकली आणि "मॉडेलने खरा प्लॅटफॉर्म ओळखला का?" या एका प्रश्नावर गुण दिले. आज तो संच मला टाकाऊ वाटतो. कारणं दोन आहेत, आणि तुम्ही असा संच करायला बसाल तेव्हा दोन्ही तुमच्या आड येतील.

पहिलं कारण म्हणजे गुण चुकीच्या गोष्टीला दिले होते. वरच्या उदाहरणात खरा प्लॅटफॉर्म एसएमएस आहे हे फक्त मला माहीत होतं, संभाषणात त्याचा कुठे पत्ताच नव्हता. मग मॉडेलचा अंदाज चुकला म्हणून त्याला दोष कसा द्यायचा? दोष अंदाजाचा नाही. पुरावा नसताना तो अंदाज खरा धरून उत्तराचा साचा ठरवला, हा दोष आहे. म्हणून बरोबर उत्तर काय हे लपवलेल्या सत्यावरून ठरवू नका, समोर असलेल्या पुराव्यावरून ठरवा.

दुसरं कारण असं की माझ्या संचात *प्रत्येक* खूण खोटी होती. म्हणजे "ताऱ्यांकडे कधीच पाहू नको" एवढा एकच नियम पाळणारं मॉडेल पैकीच्या पैकी गुण घेऊन जातं. हा रोग जुना आहे. गुरुरंगन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की एसएनएलआय या प्रसिद्ध संचात दोन वाक्यांपैकी पहिलं न वाचताही सुमारे 67 टक्के उत्तरं बरोबर येतात. संच लिहिणाऱ्यांच्या सवयीच उत्तर फोडत होत्या. माझीही सवय तशीच फोडत होती.

आता मी प्रत्येक संभाषण तीन रूपांत लिहितो. शेतकऱ्याचा मजकूर तिन्हीत अक्षरशः तोच ठेवतो, बदलते फक्त सेवा चालवणाऱ्याची वरची सूचना. पहिल्या रूपात सूचना म्हणते, "उत्तर व्हॉट्सॲपवर जाईल". इथे ठळक अक्षरं वापरलेली चालतात, आणि मॉडेल उगीच "तुम्ही कुठून विचारताय?" म्हणत बसलं तर गुण जातात. दुसऱ्यात सूचना म्हणते, "उत्तर एसएमएसने जाईल". इथे स्पष्ट सूचनेने ताऱ्यांवर मात केली पाहिजे. तिसऱ्यात सूचनाच नाही. इथे अपेक्षा अशी की उत्तर साधं असावं, एकेका ओळीत "1.", "2." असं, म्हणजे कुठेही उघडलं तरी मोडणार नाही. प्रश्न विचारायची गरज नाही, कारण साध्या उत्तराने कुणाचं काही बिघडत नाही.

तिन्ही रूपं बरोबर आली तरच एक गुण. त्यामुळे आंधळा विश्वास आणि आंधळा संशय दोन्ही एकाच चाळणीत अडकतात.

दुसरी एक खूण आपल्या भागात फार फसवते, ती म्हणजे विरामचिन्हं नसणं. इंग्रजी नमुन्यांवर वाढलेला माणूस याला "आवाजावरून उतरवलेला मजकूर" समजेल. पण वर "लागन" म्हणणाऱ्या भाऊनेही कुठे पूर्णविराम दिला नाही, आणि तो टाइपच करत होता. अशा खुणा घरात बसून सुचत नाहीत. ओळखीच्या लोकांचे मेसेज, त्यांची परवानगी घेऊन, वाचायला लागतात.

शेवटी मर्यादा. 30 पैकी एकही चूक सापडली नाही म्हणून "मॉडेल चुकत नाही" असं लिहू नका. शून्य चुका आल्या तर 3 ला नमुन्यांच्या संख्येने भागायचं, हा सोपा नियम आहे. 30 नमुन्यांवर खरा चुकीचा दर 10 टक्क्यांपर्यंत असू शकतो (95 टक्के विश्वासाने), आणि तोही अशाच प्रकारच्या संभाषणांपुरता. लहान संच चूक *आहे* हे दाखवू शकतो. चूक नाही हे सिद्ध करणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. प्रबंधात तेवढाच दावा करा.