कॉर्टिसॉल कमी झालं, पण कुठे?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: 'अश्वगंधेतील विथॅनोलाइड्स मेंदूतील गाबा रिसेप्टरवर काम करून एचपीए अक्ष शांत करतात व त्यामुळे कॉर्टिसॉल घटते.' मॅडमनी त्याभोवती पेन्सिलने गोल काढला आणि शेजारी एवढंच लिहिलं: 'हे कोणी मोजलं?' मला वाटलं, सोपं आहे, चार संदर्भ टाकू. संदर्भ शोधायला दोन आठवडे गेले, आणि शेवटी वाक्यच काढावं लागलं. हे किंवा याच्या जवळपासचं वाक्य तुम्हाला बऱ्याच पेपरांच्या प्रस्तावनेत दिसेल. आज आपण त्याचीच उलटतपासणी करू.

आधी अक्ष थोडक्यात. ताण आला की हायपोथॅलॅमस सीआरएच सोडतो. त्यामुळे पिट्यूटरी एसीटीएच सोडते, आणि ते रक्तातून अॅड्रिनल ग्रंथीपर्यंत पोहोचलं की तिथे कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल बनतं. कॉर्टिसॉल वाढलं की ते वर जाऊन सीआरएच आणि एसीटीएच दोन्हींना लगाम घालतं. ही उलटी साखळी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता सगळ्यात जास्त उद्धृत होणारा प्रयोग बघू. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तणावाची तक्रार असलेल्या 64 प्रौढांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना मुळांचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बाकीच्यांना प्लॅसिबो, असं 60 दिवस. अर्क घेणाऱ्यांचं सीरम कॉर्टिसॉल सरासरी 27.9 टक्क्यांनी उतरलं. हा आकडा तुम्ही जाहिरातीतसुद्धा वाचला असेल. पण त्याच प्रयोगात प्लॅसिबोवाल्यांचंही 7.9 टक्क्यांनी उतरलं. म्हणजे अर्काच्या नावावर जमा करायचे ते साधारण 20 टक्के, 28 नाहीत. तणाव जास्त असलेलीच माणसं निवडली की दोन महिन्यांनी काहींचा तणाव आपसूक कमी होतो, आणि प्लॅसिबो गट ठेवायचा तो ही घट वजा करता यावी म्हणूनच. तरीही 20 टक्के काही थोडे नाहीत, हे मान्य करू. प्रयोग टाकाऊ नाही. त्याच्यावर जे वाक्य चढवलं जातं, ते त्याला पेलत नाही, इतकंच.

का पेलत नाही? समजा, तुमच्या सोसायटीच्या नळाला पाणी कमी येतंय. धरणातून कमी सुटलं, पंप मंदावला की शेवटचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे, हे नळाकडे बघून कळत नाही. कॉर्टिसॉल हा तो नळ आहे. आपल्याकडे दोन जुनी, चांगली अभ्यासलेली औषधं आहेत, त्यांच्यावरून बघा. डेक्सामेथासोन हे कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइड दिलं की वरचा लगाम ओढला जातो: एसीटीएच घटतं, म्हणून कॉर्टिसॉल घटतं. मेटिरॅपोन मात्र अॅड्रिनलमध्ये कॉर्टिसॉल बनवणारं शेवटच्या पायरीचं एन्झाइम अडवतं. इथेही कॉर्टिसॉल घटतं, पण लगाम सैल झाल्यामुळे एसीटीएच वाढतं. फक्त कॉर्टिसॉल मोजलं तर दोन्ही औषधं सारखीच दिसतील. एसीटीएच सोबत मोजलं की ती लगेच वेगळी पडतात.

2012 च्या चाचणीत निकाल काढले ते कॉर्टिसॉल आणि तणावाच्या प्रश्नावल्यांवर. एसीटीएच त्यात नाही. लोप्रेस्टी आणि सहकाऱ्यांची 2019 ची चाचणी एक पाऊल पुढे जाते. त्यांनी 60 जणांवर 60 दिवस काम केलं, अर्क रोज 240 मिलिग्रॅम. सकाळचं कॉर्टिसॉल उतरलं आणि सोबत डीएचईए-एसही उतरलं. हे दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. डीएचईए-एससुद्धा अॅड्रिनलमधूनच येतं आणि तेही एसीटीएचच्या तालावर चालतं. मेटिरॅपोनसारखा शेवटचा व्हॉल्व्ह बंद झाला असता, तर वाढलेल्या एसीटीएचमुळे डीएचईए-एस उतरण्याऐवजी चढायला हवं होतं. म्हणजे एक शक्यता बरीच मागे पडली. पण दोन उरतातच. एकतर वरून एसीटीएच कमी येतंय, किंवा अॅड्रिनलमध्येच अगदी सुरुवातीची, दोन्ही हार्मोन्सना सामाईक असलेली पायरी मंदावली आहे. एसीटीएच मोजल्याशिवाय यातलं कोणतं, ते सांगता येत नाही.

आता वाक्याचा पहिला भाग, विथॅनोलाइड्स आणि गाबा. कल्पना वाईट नाही. सीआरएच सोडणाऱ्या न्यूरॉन्सवर गाबाचा लगाम असतो हे खरंच आहे, तेव्हा गाबासारखं काही मिळालं तर अक्ष शांत व्हावा. 2015 मध्ये कॅन्डेलारिओ आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट थेट तपासली: बेडकाच्या अंड्यांच्या पेशींवर गाबा रिसेप्टर उभे केले आणि त्यांच्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजला. अश्वगंधेच्या जलीय अर्काने रिसेप्टर उघडले. पण विथाफेरिन ए आणि विथॅनोलाइड ए, हे दोन प्रसिद्ध घटक वेगळे घालून पाहिले, तर त्यांनी काही केलं नाही. गंमत म्हणजे 'अश्वगंधेची गाबासदृश क्रिया सिद्ध' असं सांगायला हाच पेपर उद्धृत होतो, आणि पुढच्याच ओळीत श्रेय विथॅनोलाइड्सना दिलं जातं! विथॅनोलाइड्स कुटुंब मोठं आहे, दोन सदस्य निष्क्रिय म्हणून सगळे निष्क्रिय असं नाही. पण आत्ता हातात असलेला पुरावा वाक्याच्या उलट बाजूला झुकतो.

मग सगळे विथॅनोलाइड्सच का म्हणतात? कारण अर्काचं प्रमाणीकरण त्यांच्यावर होतं. एचपीएलसीवर तेच मोजतात, डब्यावर तेच छापतात. 2012 च्या अर्कात किमान 5 टक्के विथॅनोलाइड्स होते, म्हणजे 600 मिलिग्रॅमला 30 मिलिग्रॅम. 2019 च्या अर्कात 35 टक्के विथॅनोलाइड ग्लायकोसाइड्स, म्हणजे 240 ला 84 मिलिग्रॅम. जवळजवळ तिप्पट, पण कॉर्टिसॉलची घट काही तिप्पट नाही, दुसऱ्या चाचणीत ती 23 टक्के आहे. दोन वेगळ्या प्रयोगांची अशी तुलना कच्चीच असते. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, माणसं वेगळी, एक अर्क फक्त मुळांचा तर दुसऱ्यात पानंही. तेव्हा यावरून विथॅनोलाइड्स काम करत नाहीत असं म्हणू नका. त्यांचं प्रमाण क्रियेचं माप आहे, हे अजून दाखवायचं बाकी आहे, एवढंच म्हणा. दाखवायचं कसं? एकाच अर्काचे दोन भाग करायचे, एकातून विथॅनोलाइड्स काढून टाकायचे आणि दोन्ही एकाच प्रयोगात शेजारी शेजारी द्यायचे.

आणखी एक शक्यता बहुतेक पेपर चर्चेत आणत नाहीत. झोप सुधारली किंवा चिंता कमी झाली, तर कॉर्टिसॉल मागून आपोआप उतरू शकतं. तसं असेल तर अक्ष हे अर्काचं लक्ष्य नाही, परिणामाची सावली आहे. यासाठी 0 आणि 60 व्या दिवशीच नव्हे, तर मधल्या आठवड्यांतही नमुने हवेत, म्हणजे आधी काय बदललं ते दिसेल.

एसीटीएच लोक का मोजत नाहीत, हे मला प्रयोगशाळेत उभं राहिल्यावर कळलं. ते नाजूक पेप्टाइड आहे. रक्त थंड केलेल्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यायचं, बर्फावर न्यायचं, लगेच सेंट्रिफ्यूज करायचं, प्लाझ्मा गोठवायचा. उशीर झाला की आकडा खोटा कमी येतो, आणि आपल्याला नेमका कमीच आकडा हवा असतो! त्यामुळे पुढचा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी पद्धतीच्या विभागात ईडीटीए, बर्फ आणि नमुना घेतल्याची वेळ शोधा. माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये हे तिन्ही आहेत, आणि बर्फाचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवलाय.