शनिवारी न हरणारा संघ : आकड्यांच्या एका युक्तिवादाची चिकित्सा

खेळांवर पैज लावणाऱ्यांमध्ये एक विशिष्ट प्रकारचे विधान पुनःपुन्हा आढळते. अमुक संघ अमुक वारी कधी हरत नाही. अमुक मैदानावर नाणेफेक हरणाराच सामना जिंकतो. अमुक आकडा गुरुवारी येतच नाही. विधान करणारा खोटे बोलत असतो असे नाही. पुष्कळदा त्याच्याजवळ नोंदी असतात आणि त्या तंतोतंत खऱ्या असतात. म्हणूनच या विधानांचा विचार भाबडेपणा म्हणून सोडून देण्यापेक्षा युक्तिवाद म्हणून करणे योग्य ठरते. नोंदी खऱ्या असूनही निष्कर्ष खोटा का ठरतो, हाच येथील प्रश्न आहे.

खानदेशात या युक्तिवादाची परंपरा क्रिकेटपेक्षा कापसाकडून आलेली आहे, असे म्हणावयास आधार आहे. जळगाव आणि धुळे हे कापसाचे जिल्हे. तेथील बाजारपेठांना भावाच्या चढउताराची भाषा परिचयाची. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर पैजा लागत. ते भाव तारेने येत आणि त्यांतील अंकांवर हारजीत ठरे. १९६१ साली हा प्रकार बंद पडला. त्यानंतर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटक्याचे नवे खेळ सुरू केले. कापूस गेला, परंतु ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले. पत्त्यांच्या जोडातून तीन पाने काढावयाची, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेतील शेवटचा अंक हा त्या वेळचा आकडा मानावयाचा, अशी रीत पडली. मटका बेकायदेशीर आहे. तरीही जळगाव-धुळे भागातील सट्ट्यावरील पोलीस कारवाईच्या बातम्या अद्याप थांबलेल्या नाहीत.

या खेळाबरोबर एक विशेष प्रकारचा कागद जन्मास आला. त्याला खेळणारे ‘चार्ट’ म्हणतात. त्यात प्रत्येक आठवड्याची एक ओळ असते आणि प्रत्येक वाराचा एक रकाना. कागदाची ही आखणीच वाचणाऱ्याला वाराचे नियम शोधावयास लावते. गुरुवारचा रकाना वरून खाली वाचला आणि त्यात सहा महिन्यांत ७ हा अंक एकदाही दिसला नाही, तर नजर तेथे थबकते आणि नियम तयार होतो. हा नियम किती मोलाचा, हे मोजून पाहता येते.

सोडत निर्मळ आहे आणि दहाही अंकांना समान संधी आहे, असे समजू. मग एखाद्या गुरुवारी ७ न येण्याची संभाव्यता दहात नऊ. सलग २६ गुरुवारी तो न येण्याची संभाव्यता म्हणजे ०.९ या संख्येचा २६ वेळा केलेला गुणाकार. तो सुमारे ०.०६५ भरतो, म्हणजे शंभरात साडेसहा. ही गोष्ट विरळ खरी, आणि खेळणारा तिच्या विरळपणावरच बोट ठेवतो. परंतु त्याने केवळ गुरुवारचा ७ पाहिलेला नसतो. दहा अंक, सोमवार ते शनिवार असे सहा वार आणि ओपन-क्लोज असे दोन आकडे धरले, तर चार्टमध्ये १२० ठिकाणी हाच प्रश्न विचारला गेलेला असतो. १२० ला ०.०६५ ने गुणले असता जवळजवळ आठ येतात. याचा अर्थ असा की, सोडतीत कोणताही नियम नसताना अर्ध्या वर्षाच्या प्रत्येक चार्टमध्ये ‘अमुक आकडा अमुक वारी येतच नाही’ असे सरासरीने आठ नियम आपोआप सापडावेत. ज्या चार्टमध्ये असा एकही नियम आढळणार नाही, त्याच्याविषयीच उलट शंका घ्यावी लागेल.

संख्याशास्त्रात या दोषास बहुविध तुलनांचा प्रश्न म्हणतात, आणि सामग्री उपसून मनाजोगा नमुना सापडेपर्यंत शोधत राहण्याच्या क्रियेस आकड्यांचा उपसा म्हणता येईल. दोष शोधण्यात नाही. किती ठिकाणी शोधले याचा हिशेब न देता सापडलेले तेवढे पुढे मांडण्यात तो आहे. फ्रेंच गणिती कुर्नो यांनी १८४३ सालीच हे ओळखले होते. लोकसंख्येची निरनिराळ्या तऱ्हांनी विभागणी करीत गेल्यास कोठे ना कोठे मोठा फरक सापडणारच. परंतु वाचकासमोर शेवटची विभागणी तेवढी येते आणि तिच्यापूर्वीचे फसलेले प्रयत्न मागे खूण ठेवीत नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

वरील उदाहरणात आणखी एक गंमत दडलेली आहे. मटक्यात एका अंकावर लावलेल्या रुपयास नऊ रुपये, असा भाव सर्वपरिचित आहे. आता गुरुवारी ७ येत नाही हा नियम क्षणभर संपूर्ण खरा मानू. खेळणाऱ्याने उरलेल्या नऊ अंकांवर एकेक रुपया लावला, तर नऊ रुपये जातात आणि नऊच परत येतात. नियम खरा असूनही पदरी काही पडत नाही. नियम खोटा असेल, तर दहा गुरुवारांपैकी सरासरीने एका गुरुवारी नऊच्या नऊ रुपये बुडतात. नमुना सापडणे आणि त्यातून लाभ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतक्या सरळ हिशेबात दिसते. पण चार्टवर खिळलेल्या नजरेस तो हिशेब करावयाचे सुचत नाही.

मटक्याच्या सोडतीला स्मृती नसते. संघाला मात्र खेळाडू, कप्तान व परंपरा असतात. तेव्हा संघाविषयीचे वाराचे नियम तरी अधिक सबळ असतील, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक खरे आणि मोहक उदाहरण घेऊ. २०२४ अखेरपर्यंत भारताच्या पुरुष संघाने एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी विश्वचषकांचे मिळून सात अंतिम सामने खेळले. २५ जून १९८३, २ एप्रिल २०११ आणि २९ जून २०२४ हे तीन शनिवार होते. तिन्ही दिवशी भारत जिंकला. २३ मार्च २००३, ६ एप्रिल २०१४ आणि १९ नोव्हेंबर २०२३ हे तीन रविवार होते. तिन्ही दिवशी भारत हरला. उरलेला सामना २४ सप्टेंबर २००७ रोजी, सोमवारी झाला आणि भारताने जिंकला. शनिवारी तीनपैकी तीन, रविवारी तीनपैकी शून्य. यापेक्षा देखणा नियम मिळणे कठीण.

त्याची परीक्षा अशी करता येईल. सात सामन्यांत चार विजय झाले, एवढे कायम ठेवून ते चार विजय कोणत्या सामन्यांच्या वाट्याला आले हे दैवावर सोडले, तर अशा ३५ मांडण्या होतात. त्यांपैकी एकाच मांडणीत शनिवारचे सर्व विजय आणि रविवारचे सर्व पराभव येतात. परंतु याच्या नेमके उलट घडले असते, तर ‘रविवारी न हरणारा संघ’ असा नियमही तितक्याच उत्साहाने मांडला गेला असता. म्हणून संभाव्यता ३५ पैकी २ धरणे न्याय्य. ती सुमारे १७ पैकी १ होते.

शिवाय वार हा एकच गुणधर्म तपासलेला नसतो. महिना, नाणेफेक, प्रथम फलंदाजी, प्रतिस्पर्धी, मैदानाचा देश, दिवस की प्रकाशझोत, कप्तानाची जन्मतारीख, अशा वाटा हव्या तेवढ्या काढता येतात. याच धर्तीचे आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले वीस गुणधर्म तपासले, तर निव्वळ योगायोगाने त्यांपैकी निदान एक तरी असाच निर्दोष नियम दाखवील, याची संभाव्यता शंभरात सुमारे ६९ येते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. येथे वीस कावळे वीस फांद्यांवर बसवून मोडलेली फांदी तेवढी दाखविली जाते.

याहून सूक्ष्म दोष नियमाच्या कुंपणात आहे. ‘पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना’ हे कुंपण कोणी आणि केव्हा घातले? चँपियन्स करंडक आत घेतला, की २३ जून २०१३ आणि ९ मार्च २०२५ हे विजयाचे दोन रविवार समोर येतात. महिलांचा संघ आत घेतला, की २ नोव्हेंबर २०२५ चा विश्वविजयही रविवारचाच निघतो. नियम मोडू नये म्हणून कुंपण सरकविले जाते आणि मग ते पहिल्यापासून तेथेच होते असे भासविले जाते. एखाद्या नियमाच्या विधानात ‘फक्त’, ‘अमुक सालापासून’, ‘अमुक स्पर्धा वगळता’ असे शब्द जितके अधिक, तितके त्यामागील न सांगितलेले प्रयत्न अधिक, अशी शंका घेण्यास हरकत नाही.

यावर उपाय आहे आणि तो बॉन्फेरोनी या इटालियन गणितीच्या नावाने ओळखला जातो. एका तपासणीसाठी शंभरात पाच ही मर्यादा मानली असेल, तर वीस तपासण्यांसाठी ती वीसने भागावी, म्हणजे चारशेत एक धरावी. ही कसोटी विश्वचषकाच्या सात सामन्यांस लावली असता एक निर्णायक गोष्ट उघड होते. चार विजय आणि तीन पराभव यांच्या एकूण मांडण्याच ३५. म्हणून त्यांतून मिळणारी लहानात लहान संभाव्यता पस्तिसात एक. चारशेत एक येथवर ती पोहोचूच शकत नाही. एवढ्या सामग्रीतून वाराचा नियम सिद्ध होणे मुळातच अशक्य होते. सामने कसेही झाले असते तरी. मटक्याच्या चार्टला हीच कसोटी लावल्यास एखादा आकडा एखाद्या वारी सलग ७४ आठवडे न आल्यावरच तो दखल घेण्याजोगा ठरतो. तेव्हाही संशय घ्यावयाचा तो वाराचा नव्हे, तर सोडत काढणाऱ्याचा.

या उपायास मर्यादा आहेत. तपासण्या परस्परांशी निगडित असतील, तर तो गरजेपेक्षा कठोर ठरतो आणि एखादा खरा परिणामही नाकारतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. भागावयाचे कितीने, हे ठाऊक असावे लागते. पैज लावणाऱ्याने किती रकाने चाळले याची नोंद तो स्वतःही ठेवीत नाही. आणि शेकडो लोक एकच चार्ट चाळीत असतील, तर प्रत्येकाने एकच नियम शोधूनही एकंदर तपासण्या शेकडो होतात. अशा वेळी जुन्या सामग्रीवरील कोणतीही दुरुस्ती पुरी पडत नाही. मग खात्रीची वाट एकच उरते : नियम आज कुंपणासह लिहून ठेवावा, त्यात पुढे अक्षराचाही बदल करू नये, आणि तो ज्या नोंदींतून निघाला त्या वगळून केवळ पुढील नोंदींवर पारखावा. अर्ध्या वर्षाच्या चार्टमधून निघालेले आठ नियम पुढील अर्ध्या वर्षावर ठेवून पाहिले, तर त्यांपैकी सरासरीने एखाददुसराही धड उरत नाही. जो उरतो, तोच पुन्हा चारचौघांत सांगितला जातो.