कागदावरचा काजवा

भंडारदऱ्याच्या काजव्यांचं एक पोस्टर माझ्यासमोर आहे. बारा बाय अठरा इंच, आर्टपेपर, नगरच्या एका ऑफसेट छापखान्यात छापलेलं. घाटघरच्या बाजूचं एक सादड्याचं झाड, मागे निळसर रात्र, खाली डावीकडे डोंगराचा काळा उतार आणि झाडभर लुकलुकणारे काजवे. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत अकोले तालुक्यात हे दृश्य दिसतं आणि दरवर्षी त्याची पोस्टरं निघतात. बहुतेकांतले काजवे मेलेले असतात. काळपट राखाडी कागदावर शेवाळी ठिपके. या पोस्टरातले काजवे मात्र जिवंत आहेत. पोस्टरासोबत त्याची छपाईसाठी तयार केलेली फाइलही मला पाहायला मिळाली आणि हा जिवंतपणा कुठून आला ते नीट कळलं. फोटो सुंदर आहेच, पण इथे दाद द्यायची आहे ती आरजीबीतून सीएमवायकेत त्याला नेणाऱ्या हाताला.

काजवा हा छपाईला सर्वात नाठाळ विषय. त्याचा प्रकाश पिवळा-हिरवा, अत्यंत शुद्ध. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, त्यामुळे लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून त्या रंगाच्या बराच जवळ जातो. कागदाकडे स्वतःचा प्रकाश नाही. खोलीतला उजेड कागदावर पडतो, सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई त्यातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्याकडे येतो. शाई वाढली की उजेड घटलाच. उजळपणा शून्य ते शंभर असा मोजला, तर पडद्यावरचा निखळ हिरवा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास असतो. चांगल्या आर्टपेपरवर पूर्ण सायन आणि पूर्ण पिवळा एकावर एक छापून मिळणारा हिरवा पन्नासच्या आसपास. म्हणजे हिरव्याचा आग्रह धरला की काजवा विझतो. यात फाइल बनवणाऱ्याची चूक नसते, चार शायांची ती सीमाच आहे.

या पोस्टरच्या कर्त्याने ही सीमा आधी पाहून घेतली. मूळ फोटो आरजीबीतच ठेवला, फोटोशॉपमध्ये Proof Setup मध्ये छापखान्याने सांगितलेलं प्रोफाइल निवडलं आणि Proof Colors चालू केलं. मग Gamut Warning लावलं, की छापता न येणारे रंग राखाडी होऊन पुढे येतात. इथे अपेक्षेप्रमाणे प्रत्येक काजव्याचं कडं राखाडी झालं असणार. आता रूपांतर कसं करायचं याचा निर्णय. Relative Colorimetric या पद्धतीत सीमेबाहेरचे सगळे रंग सीमेवर आणून बसवले जातात. काजव्याचा गाभा, त्याभोवतीचं कडं आणि बाहेरची आभा हे तिन्ही जवळजवळ एकाच रंगाचे होतात आणि उरतो एक सपाट ठिपका. Perceptual या पद्धतीत सगळेच रंग थोडे आत ओढले जातात, चित्र जरा मंद होतं, पण छटांमधला फरक टिकतो. फाइलीत ती मंदपणाची किंमत मोजून फरक टिकवलेला दिसतो. मला हा निर्णय फार बरोबर वाटतो. काजव्याचं तेज त्याच्या उतरत जाणाऱ्या कडेत असतं. ती उतरण गेली की तेज परत आणता येत नाही.

पण फाइलीचं खरं सौंदर्य चार चॅनेल वेगवेगळे उघडले की दिसतं. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यात एकेका रंगासाठी वेगळा दगड असे, आणि एका चित्राला असे कितीतरी दगड लागत. इथे सगळी रात्र चार प्लेटांत मावली आहे. प्रत्येक प्लेटेने काय उचललं आणि काय सोडलं, हे वाचत जाणं हा या कामाचा रस आहे.

पिवळी प्लेट सर्वात मोकळी. पिवळी शाई पूर्ण लावली तरी कागदाचा उजळपणा थोडाच कमी होतो, पंच्याण्णववरून साधारण एकोणनव्वदवर. त्यामुळे काजव्याला रंग द्यायचं काम जवळजवळ सगळं पिवळ्यावर सोपवलं आहे. गाभ्यात पिवळा फक्त पंधरा टक्के, म्हणजे कागदच. त्याभोवती चटकन नव्वद. आणि आभेत शंभर. सायन गाभ्यात शून्य, कड्यात दहा टक्के, आभेत हळूहळू चढत जाणारा. स्वयंचलित रूपांतरात कड्यातला सायन याहून बराच जास्त आला असता, कारण संगणक पडद्यावरचा हिरवेपणा गाठायला धावतो. इथे तो हाताने उतरवला आहे. मॅजेंटा आणि काळा मात्र गाभ्यात आणि कड्यात पूर्ण शून्य. या दोन प्लेटांवर प्रत्येक काजव्याच्या जागी स्वच्छ भोक आहे. पिवळ्यावर दोन-तीन टक्के मॅजेंटा राहिला तरी काजवा विजेच्या पिवळट बल्बासारखा दिसू लागतो, आणि असा मॅजेंटा रूपांतरात नकळत राहतोच. Info मध्ये आकडे दाखवत ठेवून तो जागोजागी काढावा लागतो.

मग प्रश्न असा, की कड्यात सायन फक्त दहा टक्के, तरी पोस्टरवरचा काजवा हिरवा कसा दिसतो? हिरवेपणाचं गुपित आकाशात आहे. निळ्या रंगाचं छपाईतलं दुखणं सगळ्यांना माहीत असतं: पडद्यावरचा गडद निळा सीएमवायकेत गेला की जांभळट होतो, कारण निळा बनवायला सायनसोबत मॅजेंटाही भरपूर लागतो. फोटोशॉपच्या नेहमीच्या SWOP प्रोफाइलमध्ये पडद्यावरचा पूर्ण निळा सायन 88 आणि मॅजेंटा 77 असा येतो. म्हणून निळा स्वच्छ हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवावा, असं फाइल करणारे सांगतात. या पोस्टरच्या आकाशात सायन 95, मॅजेंटा 75, पिवळा 30, काळा 55 आहे. सायन आणि मॅजेंटात फरक वीसचाच. मॅजेंटा थोडा मुद्दाम जास्त ठेवला आहे, रात्र किंचित जांभळी झाली आहे. आणि आपला डोळा शेजारच्या रंगाच्या उलट दिशेला सरकतो: जांभळटाच्या कुशीत ठेवलेला पिवळा हिरव्याकडे झुकलेला दिसतो. जो हिरवेपणा शाईने आणला असता तर उजेड गेला असता, तो भोवतालच्या रात्रीकडून फुकट मिळवला आहे. पोस्टरवर पांढऱ्या कार्डाला भोक पाडून फक्त एक काजवा पाहिला, की तो चक्क लिंबाच्या सालीइतका पिवळा आहे हे दिसतं. कार्ड काढलं की लगेच हिरवा. चार शायांच्या मर्यादेत इतकी नेमकी समज मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

आता काळोख. पडद्यावरचा पूर्ण काळा त्याच SWOP मध्ये 75, 68, 67 आणि 90 असा फुटतो. बेरीज 300. आर्टपेपरला ही बेरीज साधारण सोसते. तरीही या फाइलीत झाडाचा आणि डोंगराचा काळा 60, 50, 40, 95 ठेवला आहे, बेरीज 245. याला दोन कारणं आहेत. पोस्टर पावसाच्या तोंडावर छापलं जातं, हवेत ओल असते, शाई सुकायला वेळ लागतो आणि रचलेल्या गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीला खालच्याची शाई लागते. इतका काळोख असलेल्या चित्रात तर नक्कीच. दुसरं कारण अधिक नाजूक आहे. पोस्टरवरचा लहान काजवा अर्ध्या मिलिमीटरचा. इंचाला 175 ओळींच्या स्क्रीनमध्ये छपाईचा एक ठिपका साधारण 0.15 मिलिमीटरच्या घरात बसतो; म्हणजे अख्खा काजवा तीन-चार घरांचा. चारही प्लेटा तंतोतंत जुळल्या तरच त्याचं भोक स्वच्छ राहतं. एक प्लेट दशांश मिलिमीटरने सरकली की त्या शाईची कड काजव्यात घुसते. काळोखाचं ओझं काळ्या प्लेटेवर जास्त आणि मॅजेंटावर कमी ठेवलं, तर घुसलेली कड फिकी राहते, डोळ्याला खुपत नाही. भिंगाखाली उजव्या कोपऱ्यातल्या काजव्यांना एका बाजूने अगदी बारीक गुलाबी रेघ आहे. रजिस्ट्रेशन तिथे जरासं सुटलंय. हातभर अंतरावरून ती दिसत नाही. 300 बेरजेच्या काळ्यात ती दिसली असती.

फक्त काळी शाई शंभर टक्के लावून का भागवलं नाही, असं कुणी विचारेल. एकटी काळी शाई मोठ्या पृष्ठावर करडी आणि सुकलेली दिसते. खालचा सायन तिला खोली देतो आणि थंडावा देतो, आणि या चित्रात तो थंडावा आकाशाशी नातं जोडतो.

एका ठिकाणी माझं मन खट्टू होतं. झाडाच्या मध्यावर, जिथे काजवे सर्वात दाट आहेत, तिथे आभा एकमेकींत मिसळून एक पिवळट धुकं झालं आहे. तिथला काळा आणखी दहा टक्के सोडला असता तर फांद्या वेगळ्या दिसल्या असत्या. पाचवी, चमकदार पिवळी-हिरवी शाई वेगळ्या प्लेटेवर लावण्याचा मार्गही होता. त्याने काजवे खरंच भडकले असते, पण मग ते रात्रीतून उगवलेले न वाटता वरून चिकटवलेले वाटले असते. चारांतच राहिल्याबद्दल मला या कर्त्याचा आदर वाटतो.

ही फाइल Convert to Profile ने बदललेली आहे, Assign Profile ने नाही. दुसऱ्यात आकडे तेच राहतात आणि फक्त त्यांचा अर्थ बदलतो, त्यामुळे रंग भरकटतात. छापखान्याला ती पीडीएफ म्हणून, प्रोफाइलसकट गेली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली असती तर आकार आणि बारकावे दोन्ही गेले असते. फ्लेक्ससाठी मात्र हीच फाइल देणं चुकीचं ठरलं असतं. फ्लेक्सच्या यंत्रांची शाई आणि रंगांचा पल्ला वेगळा असतो, आणि बरेच दुकानदार आरजीबीच मागतात. तिथे आधी विचारावं.

याच पोस्टरचं हातात वाटायचं पत्रक मॅपलिथोवर निघालं आहे, बहुधा याच फाइलीतून. तिथे काजवे विझले आहेत. मॅपलिथो शाई शोषून घेतो. आर्टपेपरवर काळ्याचा उजळपणा सोळाच्या आसपास असतो, मॅपलिथोवर एकतीसच्या आसपास. रात्र इतकी उजाडली की पंधरा टक्के पिवळ्याचा गाभा तिच्यात उठून दिसत नाही. शिवाय ठिपके पसरतात आणि ती तीन-चार घरांची भोकं बुजतात. पत्रकासाठी मूळ आरजीबी फाइलीपासून पुन्हा सुरुवात करायला हवी होती: त्या कागदाचं प्रोफाइल, कमी शाई, मोठे आणि मोजके काजवे.